‘बाराशे राहिलेत तुझे 🙂’ : यात बोचलं काय?

गडभटक्या
मंडळी, एक निवाडा हवाय. आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या दोघांची धुसफूस झाली आणि दोघंही आपापला स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे आले. विषय राजगडच्या हिशोबाचा. जीप, रात्रीचं पिठलं-भाकरी, सकाळचे पोहे मिळून डोक्यावर बाराशे आले होते. सगळे पैसे भरले एकाने, त्याला अण्णा म्हणू. द्यायचे राहिले ते बंड्याचे. बोलणं एवढंच:

अण्णा: राजगडचे बाराशे राहिलेत तुझे 🙂
बंड्या: हो पाठवतो.
अण्णा: 👍

पैसे त्याच रात्री पोचले. पण बंड्या म्हणतो, ‘सरळ माग ना, टोमणे कसले मारतोस?’ अण्णा म्हणतो, मी चांगला हसरा चेहरा टाकला होता, यानेच पूर्णविराम देऊन तोंड फिरवलं. कॉलेजपासूनचे दोस्त आहेत, समोरासमोर एकमेकांना काय वाट्टेल ते बोलतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मग या तीन ओळींत बोचलं काय? चेहरा चुकला, की चेहऱ्याची जागा चुकली?

पाटावरवंटा
पैसे आले ना? विषय संपला. आमच्या ग्रुपवर हिशोब काढला की चार जण ग्रुप सोडतात.

बांद्यावरचा
माझ्या फोनवर पण हाच प्रॉब्लेम आहे. भाचा काहीतरी चेहरा पाठवतो आणि मला नुसता चौकोन दिसतो. फोन जुना आहे, पण बॅटरी उत्तम चालते म्हणून बदलत नाही. यावर काही सेटिंग आहे का?

जाईजुई
गडभटक्या, चेहऱ्याच्या आधी वाक्य बघू या. (भाषाशास्त्र शिकवते, चॅटमधलं बोलणं हा माझा आवडता उद्योग, त्यामुळे थोडं लांबेल.)

‘तुझे बाराशे राहिलेत’ हे सरळ वाक्य. ‘बाराशे राहिलेत तुझे’ म्हटलं की क्रियापद होऊन गेल्यावर ‘तुझे’ मागून येतं. बोलताना आपण असं सर्रास बोलतो आणि ते खुपत नाही, कारण शेवटच्या शब्दावर आवाज खाली उतरतो. लिहिताना आवाज नसतो. वाक्याच्या टोकाला एकटं ‘तुझे’ उरतं, म्हणजे रोखलेलं बोट, आणि त्याला खेटून 🙂. टाकणाऱ्याच्या मनात तो चेहरा अख्ख्या वाक्याचा असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यात तो शेजारच्या शब्दाचा होतो. बंड्याने ‘तुझे 🙂’ वाचलं असणार.

आता तेच मागणं चार तऱ्हांनी लिहून बघा:

१) राजगडचे तुझे बाराशे राहिलेत रे 😅
२) 😅 अरे, राजगडचे तुझे बाराशे राहिलेत
३) विसरलास वाटतं 😄 राजगडचे बाराशे राहिलेत
४) राजगडचे बाराशे राहिलेत, विसरलास वाटतं 😄

पहिल्यात घामाचा थेंब मागणाऱ्याच्या कपाळावर आहे. मला मागायला कसंतरीच होतंय, हे त्याने कबूल केलं. 🙂 मध्ये असं काहीच कबूल होत नाही, तो फक्त समोरच्याकडे बघत राहतो. दुसऱ्यात कसंतरी वाटणं बोलण्याच्या आधी आलं, म्हणजे पुढचं वाक्य वाचायला लागण्यापूर्वीच वाचणारा सैल झालेला असतो. तिसरं आणि चौथं मुद्दाम जोडीने दिलंय. शब्द तेच, चेहरा तोच. तिसऱ्यात हसू विसरण्यावर आहे, तिथे तो चेहरा पूर्णविरामाचंही काम करतो, आणि पैशांची गोष्ट नंतर साध्या आवाजात येते. चौथ्यात आधी वसुली, मग आरोप, मग हसू. आरोप करून हसलेलं माणसाला जास्त लागतं.

ठसका
ताई, एवढं काही नाही हो. आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, 🙂 म्हणजे ‘आतून पेटलोय पण सभ्य आहे’. कॉलेजच्या ग्रुपवर कुणी 🙂 टाकला की बाकीचे विचारतात, काय झालं? हसायचं असेल तर 😭 किंवा 💀. आई 😂 टाकते आणि आम्ही समजून घेतो. अण्णांचं वय किती?

गडभटक्या
दोघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. 💀 टाकला तर अण्णा फोन करून विचारेल कोण गेलं.

आगाऊ_काका
इथे उगाच खल चाललाय. प्रत्येक इमोजीचा अर्थ युनिकोड या संस्थेने ठरवून दिलेला आहे. 🙂 चं अधिकृत नाव ‘SLIGHTLY SMILING FACE’, म्हणजे किंचित हसरा. अण्णा किंचित हसला. यात टोमणा कुठून आला? शब्दकोश बघून शब्द वापरतो तसे इमोजीही यादी बघून वापरावेत, म्हणजे भांडणं होणार नाहीत. अण्णा निर्दोष.

खिळेजुळारी
काका, अर्धं बरोबर. फॉन्टचं काम करतो, त्यामुळे या यादीशी रोजची गाठ आहे. युनिकोड ठरवतं ते आकडा आणि नाव. नाव एकदा दिलं की चुकलं असलं तरी बदलत नाहीत. पण नाव म्हणजे अर्थ नव्हे. 😤 बघा. नाकातून वाफा सोडणारा हा चेहरा तुम्ही-आम्ही रागासाठी वापरतो. त्याचं नाव आहे ‘FACE WITH LOOK OF TRIUMPH’, म्हणजे विजयी मुद्रा. 😪 मध्ये नाकाजवळचा तो फुगा जपानी चित्रकथांमधली झोपेची खूण आहे, नावही ‘SLEEPY FACE’. आपल्याकडे अर्धे लोक तो रडण्यासाठी टाकतात आणि समोरच्यालाही ते रडणंच वाटतं. यादी बघून त्यांची समजूत घालायला गेलात तर तुम्हीच चुकीचे ठराल.

आणि चित्र कसं काढायचं ते तर ज्याचा त्याचा फॉन्ट ठरवतो. 😁 चं ठळक उदाहरण आहे. २०१६ पर्यंत आयफोनवर हा चेहरा दात आवळल्यासारखा दिसायचा आणि बाकीच्या बहुतेक फोनवर खुशीत हसणारा. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना वेगवेगळ्या कंपन्यांची चित्रं दाखवून भाव जोखायला सांगितले होते, त्यात या चेहऱ्यावरून चांगलीच फाटाफूट दिसली. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे, एकाच कंपनीचं एकच चित्र दाखवलं तरी भाव चांगला की वाईट यावर सुमारे पंचवीस टक्के वेळा दोन माणसांचं जमत नव्हतं. म्हणजे फोन सारखा घेऊनही भागत नाही. पुढे चित्रं बरीच सारखी झाली, पण पूर्ण नाही.

@बांद्यावरचा, तुमचा प्रश्न वेगळा आहे पण अगदीच अवांतर नाही. नवे इमोजी जवळपास दरवर्षी येतात. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट होणं थांबलं की त्यानंतरचे चेहरे त्यात नसतात, तिथे चौकोन दिसतो. 🫠 हा वितळणारा चेहरा २०२१ च्या यादीतला आहे, त्याआधीच्या फोनला तो ठाऊकच नाही. भाच्याने ‘मामा, उद्या येतोच 🫠’ लिहिलं असेल तर तुम्हाला ‘उद्या येतोच’ एवढंच कळणार. वैतागलाय की काय, ते त्या चौकोनातच राहिलं. सेटिंग नाही. सिस्टिमचं अपडेट उपलब्ध असेल तर करून बघा, नाहीतर भाच्याला जुने चेहरे वापरायला सांगा.

बांद्यावरचा
अपडेट येत नाही. भाच्याला सांगतो. तरी म्हटलं, पोरगा सारखा चौकोन का पाठवतो.

जाईजुई
ठसका, तुझ्या ‘आतून पेटलोय’मागे एक कारण आहे. 😊 मध्ये डोळे मिटून कमानदार झालेत, गाल लाल आहेत. 🙂 मध्ये तोंड हसतंय आणि डोळे दोन ठिपके. ज्यांनी सुरुवातच इमोजींपासून केली त्यांच्यासमोर शेकडो चेहरे होते. त्या गर्दीतून कुणी सगळ्यात कमी हसणारा चेहरा निवडला तर तो मुद्दाम निवडला असंच वाटणार.

अण्णांच्या वयाचे लोक दुसऱ्या दाराने आले. एसेमेसमध्ये, याहूच्या चॅटमध्ये ते :) टाइप करायचे, आणि त्या काळी मैत्रीचं हसू म्हणून तेच सर्रास चालायचं. 🙂 यादीत आला २०१४ मध्ये. काही ॲप आजही :) टाइप केलं की आपोआप 🙂 करतात. त्यांच्या लेखी तो जुनाच दोस्त आहे, फक्त पिवळा झाला.

मूळ खूण तर विनोद ओळखता यावा म्हणूनच निघाली. १९८२ साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर कुणीतरी गमतीत लिहिलं की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ते खरं वाटलं. मग गमतीच्या मजकुराला काहीतरी खूण हवी अशी चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फाहलमन यांनी :-) सुचवलं. म्हणजे या खुणेचं पहिलं काम ‘वरचं मनावर घेऊ नका’ हे सांगणं. म्हणून ती मजकुराच्या शेवटी. पण बाराशे रुपये राहिलेत ही गंमत नाही. जे मनावर घ्यायलाच हवं त्याच्या शेवटी ‘मनावर घेऊ नका’ची खूण आली की वाचणारा बुचकळ्यात पडतो: गंमत नाही, मग हसतोय कशाला?

लिंबूटिंबू
अगदी असंच माझं झालंय! संक्रांतीला हळदीकुंकू ठेवलं होतं. एक मैत्रीण, अगदी शाळेपासूनची, आलीच नाही. रात्री मी लिहिलं, ‘वाट बघितली हं 🙂’. मला खरंच वाईट वाटलं होतं, रागबिग काही नव्हता. तिचं उत्तर आलं, ‘सॉरी बाई, माफ कर आता.’ त्यानंतर आठवडाभर सगळं थंड. वाण तसंच कपाटात आहे. आता सांगा, मी यात काय वाईट लिहिलं?

जाईजुई
लिंबूटिंबू, तुमच्या वाक्यात ‘हं’ आहे, तो एकटाच खूप काम करतो. ‘लवकर ये हं’ म्हटलं की लाड, ‘बघून घेईन हं’ म्हटलं की दटावणी. बोलताना सूर ते ठरवतो. लिहिताना वाचणाऱ्याला सूर स्वतः लावायचा असतो आणि मदतीला असतो शेजारचा चेहरा. दटावणीच्या ‘हं’शेजारी शांत हसणारा चेहरा म्हणजे शाळेतल्या बाईंचं ‘बरं, उद्या पालकांना घेऊन ये हं’. ‘वाट बघितली हं 🥺’ लिहिलं असतंत तर वाईट वाटलं एवढंच पोचलं असतं. ‘वाट बघितली’ लिहून पुढे काहीच नसतं, तरी 🙂 पेक्षा बरं.

आपल्याकडे रे, गं, ना, हं, बरं का, की, बुवा ही मंडळी वाक्याच्या टोकाला बसून इमोजींचं बरंच काम आधीपासून करत आलीत. एका टोकावर दोघांना बसवलं की ते एकमेकांना जोर तरी देतात किंवा भांडतात तरी. ‘ये ना 😊’ मध्ये दोघंही एकच सांगतात. ‘आलास का बुवा 🙂’ मध्ये दोघं मिळून टोमणा तयार करतात.

पाटावरवंटा
आमच्या हिने ‘जेवण झाकून ठेवलंय 🙂’ लिहिलं की मी घरी जाण्याआधी मोगऱ्याचा गजरा घेतो. यात ‘हं’ नाही, ‘बुवा’ नाही. तरी कळतं.

खिळेजुळारी
😄

आगाऊ_काका
मला एक कळत नाही. एवढा जर गोंधळ आहे तर इमोजी टाकायचाच कशाला? सरळ लिहा: ‘बंड्या, राजगडचे बाराशे रुपये कृपया पाठव.’

ठसका
काका, बंड्यांनी ते वाचून वकील गाठला असता.

गडभटक्या
हाहा. जाईजुई, तुमचे चार नमुने मी दोघांनाही वेगवेगळे दाखवले. बंड्याला दुसरा आवडला, चेहरा आधी असलेला. अण्णा म्हणतो, वाक्याच्या आधी चेहरा टाकायची माझी पद्धतच नाही, तसं लिहिलं असतं तर बंड्याला वाटलं असतं की माझा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे. त्याचंही पटलं.

जाईजुई
अण्णांनी फार मोलाचं सांगितलं. दोघांच्या आधीच्या मेसेजमध्ये एक गोष्ट बघाल का? एरवी अण्णा बंड्याला काय पाठवतात, आणि 🙂 कुठे वापरतात? बंड्या एरवी पूर्णविराम देतो का?

गडभटक्या
परवानगी काढून बघितलं. बंड्या आयुष्यात पूर्णविराम देत नाही. ‘हो रे’, ‘निघालो’, ‘च्यायला पाऊस’, सगळं उघडं. अण्णाची तऱ्हा और आहे. ट्रेकच्या ग्रुपवर आणि त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो प्रत्येक ओळीला 🙂 लावतो. ‘पाण्याचा टँकर उशिरा येईल 🙂’, ‘गाडी पंक्चर आहे 🙂’. पण बंड्याशी खासगीत कधीच नाही. तिथे फक्त 🤣🤣🤣, शिव्या आणि फॉरवर्ड केलेले व्हिडिओ. बाराशेचा मेसेज खासगीत होता.

जाईजुई
मग झालं. बंड्याला बोचलं ते हसू नव्हे. अण्णांचा चारचौघांतला चेहरा त्याला घरात दिसला. जो माणूस तुमच्याशी कायम 🤣🤣🤣 मध्ये बोलतो तो एकदम सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा 🙂 घेऊन आला, तर मधलं अंतर मोजलं जातं. कोणत्याही चेहऱ्याचा भाव त्या दोन माणसांच्या रोजच्या सवयीशी ताडून वाचला जातो. ठसकाच्या ग्रुपवरचा 🙂 आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा 🙂 म्हणूनच वेगळे.

आणि हाच न्याय बंड्याला. त्याचा पूर्णविराम ही त्याची सवय नव्हती. २०१५ मध्ये अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना आमंत्रण आणि त्यावरचं एका शब्दाचं उत्तर अशा जोड्या दाखवल्या होत्या. मोबाइलवरच्या मेसेजमध्ये उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते कमी मनापासून दिलेलं वाटलं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तेच उत्तर दाखवलं तेव्हा असा फरक पडला नाही. ‘हो पाठवतो’ आणि ‘हो पाठवतो.’ यातला ठिपका अण्णांना दिसला, यात नवल नाही. दोघांनीही एकाच वेळी एकेक पाऊल मागे घेतलं आणि दोघांनाही फक्त दुसऱ्याचं पाऊल दिसलं.

लिंबूटिंबू
मी मैत्रिणीला एरवी ❤️ आणि 😘 टाकते. 🙂 कधीच नाही. बाई गं.

चहाटळ
सगळे 🙂 वर तुटून पडलेत, शेवटच्या अंगठ्याचं काय? मित्राने पैसे पाठवतो म्हटल्यावर ‘👍’ म्हणजे पावती फाडल्यासारखं. आणि जपून हां, कॅनडात एका शेतकऱ्याला अंगठा टाकला म्हणून ८२ हजार डॉलर भरावे लागले. कोर्टाने अंगठा म्हणजे सही असा कायदाच केलाय.

खिळेजुळारी
कायदा नाही केला. सस्कॅचेवान प्रांतातला २०२३ चा निकाल आहे. धान्य घेणाऱ्याने जवसाच्या कराराचा फोटो पाठवून दुजोरा मागितला, शेतकऱ्याने 👍 टाकला, आणि पुढे माल दिलाच नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे ‘मिळालं, बघतो’. न्यायाधीशांनी या दोघांचे जुने व्यवहार बघितले. आधीचे करार त्याने असेच फोनवर ‘ok’, ‘yup’ एवढ्यावर मान्य करून पुढे माल दिलेला होता. तेव्हा या दोघांच्यात 👍 म्हणजे होकारच, असं ठरलं. जाईजुईंनी अण्णा-बंड्याचं केलं तेच कोर्टाने केलं, फक्त डॉलरमध्ये.

अण्णाच्या अंगठ्याबद्दल मात्र मी चहाटळच्या बाजूने. त्याने तो वेगळा मेसेज म्हणून पाठवला. व्हॉट्सॲपवर एकटा इमोजी पाठवला की तो मोठा होऊन दिसतो. खाली मोठा पिवळा अंगठा म्हणजे टेबलावर शिक्का मारल्यासारखा. तोच 👍 बंड्याच्या मेसेजवर दाब देऊन रिॲक्शन म्हणून टाकला असता तर कोपऱ्यात बारीकसा बसला असता. ‘वाचलं’ एवढंच.

ठसका
उलट! रिॲक्शन म्हणजे ‘यापुढे बोलू नकोस’. माझी एक मैत्रीण लांबलचक मेसेजवर फक्त ❤️ चिकटवते, तेव्हा तिला बोलायचा कंटाळा आलेला असतो.

खिळेजुळारी
लांबलचक मन मोकळं केल्यावर ❤️ आणि ‘हो पाठवतो’वर 👍, यात फरक आहे. पहिल्यात उत्तराची अपेक्षा होती.

ठसका
नाही पटलं, पण ठीक 👍

चहाटळ
हा कुठला अंगठा?

खिळेजुळारी
😄 जागेचा आणखी एक तिढा राहिला, तो सांगून ठेवतो. आपण धरून चाललोय की वाचणारा मेसेज अख्खा वाचतो. बहुतेक वेळा पहिली गाठ पडते ती बंद स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनशी, नाहीतर चॅटच्या यादीत दिसणाऱ्या एक-दोन ओळींशी. समजा अण्णाने लिहिलं, ‘अरे राजगडला जीपचे, जेवणाचे आणि पोह्यांचे मिळून बाराशे होतात, बाकी सगळ्यांचे आले, तुझे तेवढे राहिलेत बघ, घाई नाही 😅’. यादीत दिसेल ‘...बाकी सगळ्यांचे आले...’ इथपर्यंत. थेंबवाला चेहरा आणि ‘घाई नाही’ दोन्ही कापले गेले. बंड्या मेसेज उघडण्याआधीच चिडलेला असेल, मग शेवटचा चेहरा त्याला मलमपट्टी वाटेल. लांब मेसेज असेल तर मऊ भाग पहिल्या पाच-सहा शब्दांत यायला हवा, चेहरा असो की ‘घाई नाही’ असो.

वाक्य एका मेसेजमध्ये आणि चेहरा मागाहून दुसऱ्यात, यात हेच उलटं होतं. ‘बाराशे राहिलेत’ची घंटी आधी वाजते. चेहरा येईपर्यंत समोरच्याने ते कोरडंच वाचलेलं असतं. नंतर यादीत नुसता 😅 दिसतो, आणि हा घाम कसला, ते बघायला त्याला परत आत जावं लागतं.

आगाऊ_काका
हे मात्र पटलं. माझ्या मेहुण्याने एकदा नुसता 🙏 पाठवला. मी दचकून फोन लावला. तो वरच्या मेसेजचा धन्यवाद होता.

कानसेन
सगळा धागा ऐकला. ‘ऐकला’ म्हणतोय कारण मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. तुम्ही चेहऱ्याचे डोळे, गाल, थेंब यावर बोलताय, माझ्यापर्यंत त्यातलं काही येत नाही. मला प्रत्येक इमोजीचं नाव ऐकू येतं, माझ्या फोनवर इंग्रजीतून. म्हणजे अण्णांचा मेसेज मला असा ऐकू आला असता: ‘राजगडचे बाराशे राहिलेत तुझे, स्लाइटली स्मायलिंग फेस’. काका, तुमची यादी माझ्यासाठी खरंच शब्दकोश आहे. मगाशी सांगितलेला तो 😤 माझा फोन विजयी म्हणून वाचत नाही बरं का, ‘नाकातून वाफ’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. नावांनाही बहुतेक दोन-दोन आवृत्त्या असाव्यात.

खिळेजुळारी
बरोबर ओळखलंत. मूळ नाव गोठवलेलं, पण वाचून दाखवण्यासाठी एक वेगळं, सुधारता येणारं नाव ठेवलेलं असतं.

जाईजुई
कानसेन, तुम्हाला जागेचा फरक जाणवतो का?

कानसेन
सगळ्यात जास्त मलाच जाणवत असेल. वाक्याच्या मधोमध चेहरा आला की बोलता बोलता कुणीतरी तिसरा मध्ये बोलल्यासारखं होतं. तुमचा तिसरा नमुना, ‘विसरलास वाटतं 😄 राजगडचे बाराशे राहिलेत’, तुम्हा लोकांना गोड वाटला, मला तो तुटक ऐकू येतो. दुसरा नमुना चालतो, आधी नाव ऐकू येतं आणि मग वाक्य त्या सुरात ऐकता येतं. तसा शेवटी असलेला सगळ्यात सोपा, पण तोवर मी वाक्य माझ्याच सुरात ऐकून मोकळा झालेला असतो. काही फोन सारखे इमोजी एकत्र मोजून सांगतात, माझा जुना फोन प्रत्येक वेळी नाव घ्यायचा. अण्णांचे 🤣🤣🤣 म्हणजे ‘रोलिंग ऑन द फ्लोअर लाफिंग’ तीनदा. माझा एक मित्र असाच आठ-दहा टाकतो. मी जेवून येतो तोवर त्याचं लोळणं चालू असतं.

गडभटक्या
कानसेन, तुम्ही मित्राकडे पैसे मागताना काय टाकता?

कानसेन
व्हॉइस मेसेज.